एकच मॉडेल, दोन सेटिंग्ज: जीपीटी-२ चा मजकूर कधी ७४ टक्के ओळखला जातो, तर कधी ९३ टक्के

ओपनएआयने २०१९ मध्ये जीपीटी-२ हे भाषा-मॉडेल एकदम खुले न करता टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले. फेब्रुवारीत सर्वांत लहान आवृत्ती आली आणि सुमारे दीड अब्ज प्राचलांची सर्वांत मोठी आवृत्ती यायला नोव्हेंबर उजाडला. मॉडेलने लिहिलेला मजकूर माणसाचा म्हणून खपवला जाईल, ही त्यामागची धास्ती होती. म्हणूनच कंपनीने मॉडेलच्या जोडीने एक मोठा मजकूर-संचही संशोधकांसाठी ठेवला. त्यात वेबटेक्स्ट या संग्रहातले माणसांनी लिहिलेले अडीच लाख दस्तऐवज होते. मॉडेलच्या चार आकारांपैकी प्रत्येकाकडून लिहून घेतलेला मजकूर मात्र दोन वेगवेगळ्या सेटिंग्जखाली, दोन गठ्ठ्यांत दिलेला होता. एका गठ्ठ्यातले अडीच लाख नमुने तापमान नावाची सेटिंग १ ठेवून आणि पर्यायांची कोणतीही काटछाट न करता घेतलेले होते. दुसऱ्यातले अडीच लाख नमुने प्रत्येक पायरीवर पहिल्या ४० पर्यायांपुरतीच निवड ठेवून, म्हणजे टॉप-के ४० लावून घेतलेले होते. या लेखाचा विषय या दोन गठ्ठ्यांतला फरक हाच आहे.

संचासोबत कंपनीने मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारा एक साधा डिटेक्टरही तपासून दाखवला होता. त्यात न्यूरल नेटवर्क नव्हते. दस्तऐवजातले सुटे शब्द आणि लगतच्या शब्दांच्या जोड्या मोजायच्या, सगळीकडेच आढळणाऱ्या शब्दांचे वजन कमी करायचे आणि त्या आकड्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन ही वर्गीकरणाची साधी संख्याशास्त्रीय पद्धत चालवायची, एवढाच त्याचा कारभार होता. दीड अब्ज प्राचलांच्या मॉडेलचा मजकूर या डिटेक्टरने काटछाट नसताना ७४.३१ टक्के अचूकतेने ओळखला, तर टॉप-के ४० असताना ९२.६९ टक्के अचूकतेने. सर्वांत लहान मॉडेलसाठी हेच आकडे अनुक्रमे ८८.२९ आणि ९६.७९ होते. नुसत्या नाणेफेकीने ५० टक्के मिळतात, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

या चार आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. मॉडेल मोठे होत गेले की त्याचा मजकूर ओळखणे अवघड होते, हे सगळेच सांगतात आणि पहिल्या गठ्ठ्यात ते खरेही दिसते: ८८ वरून ७४. पण सर्वांत मोठ्या मॉडेलला टॉप-के ४० लावले की त्याची ओळख ९२.६९ टक्क्यांवर जाते, आणि हा आकडा सर्वांत लहान मॉडेलच्या काटछाट नसलेल्या मजकुरापेक्षा, म्हणजे ८८.२९ पेक्षा, जास्त आहे. मॉडेल दसपटीहून अधिक वाढवून लपण्याची जी क्षमता मिळाली होती, ती एका सेटिंगने पूर्ण परत केली, वर आणखी थोडी भर घातली. डिटेक्टर काय पाहतो हे समजून घ्यायचे असेल तर मॉडेलच्या आधी या सेटिंगकडे पाहिले पाहिजे, असे माझे मत याच आकड्यांवरून झाले आहे.

पुढचा शब्द कसा निवडला जातो

जीपीटी-२ च्या शब्दसंग्रहात ५०,२५७ टोकन आहेत. टोकन म्हणजे कधी अख्खा शब्द, तर कधी शब्दाचा तुकडा. प्रत्येक पायरीवर मॉडेल या सगळ्या टोकनांना एकेक गुणांक देते आणि त्या गुणांकांपासून संभाव्यता काढल्या जातात. मॉडेलचे काम इथे संपते. त्यातून प्रत्यक्ष एक टोकन उचलण्याची जी रीत असते तिला डिकोडिंग म्हणतात. ही रीत मॉडेलच्या बाहेरची आहे आणि मॉडेल वापरणारा ती केव्हाही बदलू शकतो.

तापमान म्हणजे ज्या संख्येने हे गुणांक भागायचे ती संख्या. समजा, एका ठिकाणी चारच पर्याय आहेत आणि मॉडेलच्या मते त्यांच्या संभाव्यता ५०, २५, १५ आणि १० टक्के आहेत. तापमान १ असेल तर हे आकडे जसेच्या तसे राहतात. तापमान ०.५ केले तर पहिला पर्याय सुमारे ७२ टक्क्यांवर चढतो आणि शेवटचा ३ टक्क्यांच्या आसपास घसरतो. तापमान २ केले तर पहिला ३७ वर उतरतो आणि शेवटचा १६–१७ पर्यंत वर येतो. क्रम कुठेही बदलत नाही. बदलते ती आघाडीवरच्या आणि पिछाडीवरच्या पर्यायांमधली दरी. तापमान शून्याकडे नेले की प्रत्येक वेळी पहिलाच पर्याय उचलला जातो. त्याला ग्रीडी डिकोडिंग म्हणतात.

टॉप-के ही रीत वेगळ्या जातीची आहे. ती दरी वाढवत नाही, एक रेघ मारते. पहिले ४० पर्याय ठेवायचे आणि उरलेल्या पन्नास हजारांची संभाव्यता थेट शून्य करायची. टॉप-पी, म्हणजेच न्यूक्लियस सॅम्पलिंग, हीसुद्धा रेघच मारते. पण किती पर्याय ठेवायचे हे आधी ठरवत नाही. संभाव्यतांची बेरीज ०.९५ किंवा ०.९६ अशा ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचेल इतके पर्याय ती ठेवते. त्यामुळे जिथे पुढचा शब्द जवळजवळ निश्चित आहे तिथे दोनतीनच पर्याय उरतात आणि जिथे वाक्य कुठेही वळू शकते तिथे हजारो उरू शकतात.

गैरहजेरीचा माग

टॉप-के लावलेल्या मजकुरात जे नसते त्यावरून तो पकडला जातो. एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, माणसाने लिहिलेल्या मजकुरात सरासरी दहांपैकी एक टोकन मॉडेलच्या पहिल्या ४० पर्यायांच्या बाहेरचे असते. हे प्रमाण हिशेबासाठी धरले आहे. खरे प्रमाण मजकुरागणिक बदलते. मग २०० टोकनांच्या परिच्छेदात अशी साधारण २० टोकने असायला हवीत. त्यातले एकही नसण्याची शक्यता ०.९ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे १.४ अब्जांत एक इतकी उरते. टोकने परस्परांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण त्याची पट किती मोठी आहे ते यावरून दिसते. तेच मॉडेल हाताशी असेल आणि प्रत्येक टोकनाचा क्रमांक तपासता येत असेल, तर एका परिच्छेदावरूनही टॉप-के ची रेघ दिसून येते. २०१९ मध्येच आलेले जीएलटीआर हे साधन नेमके हेच डोळ्यांना दाखवत असे: पहिल्या दहांतले टोकन हिरवे, पहिल्या शंभरातले पिवळे, पहिल्या हजारातले लाल आणि त्यापलीकडचे जांभळे. टॉप-के ४० च्या परिच्छेदात लाल-जांभळा रंग जवळपास येतच नाही.

पण ओपनएआयच्या साध्या डिटेक्टरला तर टोकनांचे क्रमांक माहीतच नव्हते. तो फक्त शब्द मोजत होता. तरीही त्याला टॉप-के कळला, कारण रेघेबाहेर फेकले जाणारे शब्द कसेही विखुरलेले नसतात. “सभेत पहिले भाषण केले ते” अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यापुढे काय येऊ शकते, याचा विचार करावा. हजारो माणसांची नावे येऊ शकतात. एकत्रितपणे त्यांची संभाव्यता मोठी असते, पण एकेकट्या नावाच्या वाट्याला चिमूटभरच येते. त्याच जागी “तो”, “एक”, “त्यांचे” असे सर्वसाधारण शब्द एकेकटे भारी पडतात आणि पहिल्या चाळिसांत सहज बसतात. रेघ मारली की नावे गळतात आणि सर्वनामे उरतात. ओपनएआयने आपल्या निरीक्षणात हेच नोंदवले: काटछाट केलेल्या मजकुरात विशेषनामे कमी पडतात, सर्वनामे जास्त होतात, आणि टॉप-के चे नमुने काटछाट नसलेल्या नमुन्यांपेक्षा ८ ते १८ टक्के अधिक ओळखले जाण्यात या बदलाचा वाटा आहे. शब्दमोजणीचा डिटेक्टर याच असमतोलावर जगत होता.

कमी तापमानात असमतोल त्याच दिशेचा असतो, पण रेघ नसते. सर्वांत भारी पर्यायाच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी संभाव्यता असलेला शब्द तापमान ०.७ वर त्याच्या तुलनेत आणखी सुमारे १४ पट दुर्मीळ होतो. दुर्मीळ होतो, बाद होत नाही. म्हणून कमी तापमानाचा छोटा परिच्छेद “इथे अमुक शब्द येणे शक्यच नव्हते” अशा एका पुराव्यावर पकडता येत नाही. तिथे विरळपणा साचत जावा लागतो आणि त्यासाठी लांबी लागते. मजकुराची लांबी काटछाट नसलेल्या बाबतीतही निर्णायक असते. सुमारे ५०० अक्षरांच्या दस्तऐवजांवर त्या डिटेक्टरची अचूकता सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली होती.

पर्प्लेक्सिटीची उंबरठा-रेषा

पुष्कळ डिटेक्टर शब्द न मोजता पर्प्लेक्सिटी मोजतात. मजकूर वाचताना मॉडेलला प्रत्येक पायरीवर सरासरी किती समान पर्यायांतून निवड करावी लागल्यासारखे वाटले, असा या मापाचा ढोबळ अर्थ. आकडा लहान असेल तर मजकूर मॉडेलच्या अपेक्षेबरहुकूम आहे, म्हणून यंत्राचा असावा, असा त्यामागचा तर्क आहे. न्यूक्लियस सॅम्पलिंग मांडणाऱ्या होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात जीपीटी-२ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या आवृत्तीवर हा आकडा रीतीगणिक काढलेला आहे, आणि तो वाचला की या तर्काची मर्यादा लगेच समोर येते.

माणसांच्या मजकुराची पर्प्लेक्सिटी त्यात १२.३८ आहे. ग्रीडी डिकोडिंगची १.५० आहे, शिवाय त्यातले ७३ टक्क्यांहून अधिक नमुने त्याच त्या वाक्याच्या फेऱ्यात अडकलेले होते, तर माणसांमध्ये हे प्रमाण ०.२८ टक्के होते. टॉप-के ४० ची पर्प्लेक्सिटी ६.८८ आहे आणि त्यालाच तापमान ०.७ जोडले की ती ३.४८ वर येते. काटछाट न करता तापमान ०.९ ठेवले तर १०.२५, न्यूक्लियस ०.९५ ला १३.१३, के ६४० केला तर १३.८२, आणि तापमान १ वर काहीही न कापता २२.७३.

आता समजा, एखाद्याने “८ च्या खाली असेल तर यंत्राचा” अशी रेषा ठरवली. टॉप-के ४० आणि ग्रीडीचे बहुतेक नमुने त्यात अडकतील. न्यूक्लियसचे नमुने माणसांच्या इतके जवळ आहेत की या एका आकड्यावरून त्यांना वेगळे काढणे कठीण. आणि काटछाट नसलेला मजकूर तर रेषेच्या दुसऱ्या टोकाला, माणसांपेक्षाही वर आहे. हा डिटेक्टर त्याला माणसाहून अधिक माणूस ठरवील. तेव्हा तापमान वाढवले की ओळख सरळ कमी होत जाते, असे चित्र नाही. तापमान वाढत जाताना मजकूर माणसांच्या पट्ट्यातून जातो आणि पलीकडे बाहेर पडतो. पलीकडची रेषा नसलेल्या डिटेक्टरला ते बाहेर पडणे दिसत नाही, एवढेच. तापमान १ वरही शब्दमोजणीने ७४ टक्के मिळवले ते यामुळेच: मॉडेलच्या लांब शेपटीत जे अतिदुर्मीळ पर्याय असतात त्यांची संभाव्यता मॉडेल प्रत्यक्षापेक्षा जास्त धरते, तिथून एखादा विचित्र शब्द उचलला जातो आणि पुढचे वाक्य त्याच्या मागे भरकटते.

रेषा वर सरकवून सगळेच पकडू, हा मोह इथे होतो. त्याची किंमत माणसे मोजतात. साध्या, अपेक्षित शब्दांत लिहिणाऱ्यांची पर्प्लेक्सिटी मुळातच कमी असते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध सात डिटेक्टरांतून काढले तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. परदेशात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हा धोका तितकाच लागू आहे.

माणूस फसतो तिथे यंत्र पकडते

डॅफ्ने इप्पोलिटो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच तुलना माणसे आणि यंत्रे अशी दोघांवर केली. जीपीटी-२ चा मजकूर काटछाटीशिवाय, न्यूक्लियस ०.९६ ने आणि टॉप-के ४० ने घेतला आणि बर्ट या भाषा-मॉडेलवर बांधलेल्या डिटेक्टरांसमोर आणि वाचकांसमोर ठेवला. निकाल उलटसुलट लागला. टॉप-के चा मजकूर यंत्रांना सर्वांत सोपा गेला आणि माणसांना सर्वांत अवघड. काटछाट नसलेल्या मजकुराच्या बाबतीत याच्या नेमके उलट झाले. त्याचे कारण वर आलेच आहे. माणूस अर्थ वाचतो. एखाद्या वाक्यात मध्येच बसणार नाही असा शब्द आला की त्याला खटकतो, आणि असे शब्द शेपटीतूनच येतात. शेपूट कापली की वाचन गुळगुळीत होते. दोनशे शब्दांत विशेषनामे थोडी कमी पडली हे कोणाही वाचकाच्या लक्षात येत नाही, पण मोजणाऱ्याच्या येते. एखाद्या संपादकाने “मला तर हे माणसाचेच वाटते” म्हणावे आणि डिटेक्टरने ठाम नकार द्यावा, किंवा याच्या उलट व्हावे, हे दोघांपैकी एक चुकल्याचे लक्षण असेलच असे नाही; दोघे वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतात.

याच अभ्यासात कामाच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट पुढे आली. एका रीतीच्या मजकुरावर शिकवलेला डिटेक्टर दुसऱ्या रीतीच्या मजकुरावर कोसळतो. टॉप-के वर शिकलेल्या डिटेक्टरने “नेहमीचेच शब्द म्हणजे यंत्र” हा धडा घेतलेला असतो, त्यामुळे काटछाट नसलेला मजकूर त्याला माणसाचा वाटतो. ओपनएआयलाही नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच आढळले. रोबर्टा या भाषा-मॉडेलवर बांधलेला आणि मोठ्या मॉडेलचा मजकूर सुमारे ९५ टक्के अचूकतेने ओळखणारा डिटेक्टर त्यांनी खुला केला तेव्हा त्याला तापमान १ आणि न्यूक्लियस अशा दोन्ही रीतींच्या मिश्र नमुन्यांवर शिकवले होते, कारण तसे शिकलेला डिटेक्टर इतर रीतींवर त्यातल्या त्यात बरा टिकत होता.

२०२४ च्या रेड या चाचणी-संचाने, ज्यात ११ मॉडेलांचे ६० लाखांहून अधिक नमुने आहेत, या यादीत आणखी एक सेटिंग आणली: पुनरावृत्ती-दंड. एकदा येऊन गेलेल्या टोकनाचा गुणांक १.२ सारख्या आकड्याने दाबायचा, म्हणजे मॉडेल तेच तेच म्हणत नाही. ग्रीडीचा फेऱ्यात अडकण्याचा दोष घालवायला हा उपाय सोयीचा आहे, पण त्यामुळे मॉडेल त्याला स्वतःला सर्वांत स्वाभाविक वाटणारा शब्द सोडून दुसरीकडे ढकलले जाते आणि मजकुराची पर्प्लेक्सिटी चढते. रेडमध्ये हा दंड लावताच अनेक नावाजलेल्या डिटेक्टरांची अचूकता मोठ्या फरकाने घसरली. इथे मजकुरावर कोणी हात फिरवला नव्हता, शब्द बदलले नव्हते. लपवण्याचा हेतूही लागत नाही.

प्रयोग पुन्हा करताना

हा प्रयोग कोणालाही छोट्या प्रमाणावर करून पाहता येतो, मात्र एका जागी पाय घसरतो. हगिंग फेसच्या transformers लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीत top_k चे मूल्य सांगितले नाही तर ते ५० धरले जाते. तापमान १ दिले म्हणजे काटछाट नसलेला मजकूर मिळाला, असे समजून चालणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात टॉप-के ५० चा मजकूर येतो आणि त्याचा डिटेक्टर अपेक्षेपेक्षा फारच हुशार ठरतो. काटछाट खरोखर नको असेल तर ती स्पष्टपणे बंद करावी लागते:

```python
out = model.generate(**inp, do_sample=True,
                     temperature=1.0, top_k=0, top_p=1.0,
                     max_new_tokens=200)
```

खात्री करायची असेल तर तयार झालेल्या प्रत्येक टोकनाचा मॉडेलच्या यादीतला क्रमांक काढावा. काही हजार टोकनांत ५० च्या पुढचा एकही क्रमांक नसेल तर रेघ कुठेतरी शिल्लक आहे. तपासायला वेगळेच मॉडेल वापरले तर ही कडा पुसट होते, कारण एका मॉडेलचा चाळिसावा पर्याय दुसऱ्याचा शंभरावा असू शकतो.

मराठी मजकुरावर हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि याचे कारण टोकनांमध्ये आहे. मजकुराचे टोकनांत तुकडे करणारा जीपीटी-२ चा टोकनायझर इंग्रजीवर बेतलेला आहे. देवनागरीचे एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते आणि हा टोकनायझर ते सहसा तुकड्यांत तोडतो. त्यातल्या शेवटच्या बाइटला ६४ च मूल्ये शक्य असतात. जिथे पुढचा तुकडा म्हणजे असा एकच बाइट असतो, तिथे ४० ची रेघ पन्नास हजारांतून नव्हे, तर जेमतेम ६४ पर्यायांतून निवड करते, म्हणजे फारसे काही कापतच नाही. इंग्रजीत जी रेघ विशेषनामे गाळते ती इथे अर्ध्या अक्षराच्या पातळीवर काम करते. मराठी शब्द मोठ्या तुकड्यांत धरणाऱ्या बहुभाषिक मॉडेलात तीच रेघ पुन्हा वेगळी वागेल. म्हणून मराठीसाठी डिटेक्टर तपासणाऱ्याने अचूकतेच्या आकड्याशेजारी मॉडेलचे नाव, तापमान, के, पी, पुनरावृत्ती-दंड आणि मजकुराची लांबी यांबरोबर टोकनायझरही लिहिला पाहिजे. त्यातले एक जरी गाळले, तरी ७४ आणि ९३ यांपैकी कोणता आकडा वाचतो आहोत, हे वाचणाऱ्याला ठरवता येणार नाही.